कथा : पिशवी

वळचण

इंटर्नशिप मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथल्या एका रात्रीवरून ही कथा सुचली. माणसं, वय, घटनाक्रम बदललेत. आजार आणि फाईल मात्र जशी होती तशीच ठेवली आहे. वैद्यकीय चुका दिसल्या तर सांगा, आणि कथा म्हणून कुठे फसली तेही सांगा.

*

रात्री सव्वा वाजता सरांनी फाईल अंकिताच्या हातात दिली. हातात दिली म्हणजे कागदांचा गठ्ठाच कुशीत टाकला.

"बेड एकोणीस. सकाळी युनिट हेडचा राउंड आहे. तारखेप्रमाणे लावून ठेव. रिपोर्ट वर, जुने कागद खाली. मी जरा पडतो, तीस तास झालेत."

एकोणीसची बाई सहा दिवसांपूर्वी आली होती. चौतीस वर्षांची, ऊसतोड कामगार. उलट्या आणि ग्लानी. सोडियम ११४. कॅज्युअल्टीतून आयसीयूत, आयसीयूतून वॉर्डात. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल झाली आणि पुढे जाताना जुनी नवीच्या पोटात कोंबली गेली. टॅगची दोरी तुटलेली. टीपीआर चार्टवर चहाचा गोल डाग. रिपोर्टच्या चिठ्ठ्या एकावर एक गोंदानं चिकटवलेल्या, घराच्या कौलांसारख्या, म्हणजे खालच्या चिठ्ठीचं फक्त टोक दिसणार. आणि या सगळ्यासोबत नातेवाइकांनी दिलेली एक कॅरीबॅग, साडीच्या दुकानाची, तोंडाला गाठ मारलेली.

साइडरूमचं टेबल पुरेना. अंकितानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मांडी घातली.

आधी कॅरीबॅग सोडली. गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पंधरा-वीस तरी असतील. सगळ्यांवर तेच. अशक्तपणा. चक्कर. भूक नाही. सलाईन दोन. पुढच्या चिठ्ठीवर पुन्हा सलाईन दोन. तिनं त्या वर्षाप्रमाणे लावल्या. नऊ वर्षं मागे गेल्यावर चिठ्ठ्या संपल्या आणि तळाशी आठ घड्या घातलेलं एक कार्ड निघालं. जिल्हा रुग्णालयाचं, डिस्चार्ज कार्ड. घडीच्या रेषांवर शाई उडालेली. बल्बखाली धरल्यावर लागलं: मुलगी, दोन किलो सहाशे. वार अडकली. हातानं काढली, नंतर पिशवी साफ केली. अतिरक्तस्राव. रक्ताच्या चार बाटल्या.

ते तिनं सर्वांत खाली ठेवलं.

मग एक सोनोग्राफी. दोन वर्षांपूर्वीची, पोटात दुखतं म्हणून काढलेली. कोणीतरी काळजीनं लॅमिनेट करून घेतली होती. यकृत ठीक, मूत्रपिंडं ठीक, गर्भाशय आकारानं लहान. ती बाळंतपणाच्या कार्डावर आली.

त्यावर या वेळचा केस पेपर. कॅज्युअल्टीच्या घाईतलं अक्षर. पाळीच्या रकान्यात लिहिलं होतं: गर्भपिशवी काढलेली, नऊ वर्षांपूर्वी.

अंकितानं तो ठेवला आणि पुढचा उचलला. आयसीयूचा. पाळी: गर्भपिशवी काढलेली. वॉर्डाचा. तेच. मेडिसिनच्या दुसऱ्या युनिटचं मत मागवलं होतं, त्यातही तेच. चार अक्षरं, चार पेनं, वाक्य एकच.

तिचा हात मागे गेला. लॅमिनेशनवर बल्बचा उजेड पडला होता. कागद तिरका करून तिनं ती ओळ पुन्हा वाचली. गर्भाशय आकारानं लहान.

नऊ वर्षांपूर्वी काढलेली पिशवी दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत कशी दिसेल?

सोनोग्राफी चुकली असेल, असं आधी तिला वाटलं. किंवा दुसऱ्याच बाईची असेल. नाव बघितलं, वय बघितलं. तीच. मग ती रिपोर्टच्या कौलांकडे वळली. वरच्या चिठ्ठीवर थायरॉईडचं टी-फोर होतं, ०.४, लाल गोल केलेलं. खालची चिठ्ठी अर्धी झाकली गेली होती. नखानं कोपरा सोडवला. टीएसएच २.४.

टी-फोर इतकं खाली असेल तर टीएसएच वर जायला हवं. वीस, पन्नास, शंभर. मेंदूतल्या ग्रंथीनं ओरडायला हवं की थायरॉईड काम करत नाही. इथे तर ती गप्पच होती.

ट्रीटमेंट शीटवर कालच्या तारखेनं थायरॉक्सिन लिहिलं होतं. १०० मायक्रोग्रॅम. सकाळी सहा वाजता, उपाशीपोटी. उद्यापासून सुरू.

घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.

ती बेड एकोणीसपाशी गेली. बाई जागीच होती. स्वेटर, त्यावर चादर, त्यावर घरची गोधडी. मार्च महिना होता, पंखा फिरत होता आणि शेजारच्या बेडवरच्या आजी पदरानं वारा घेत होत्या.

"ताई, तुमची पिशवी काढलीय का हो?"

"न्हाई. साफ केली व्हती. पोरगी झाली तवा."

"मग पाळी?"

"त्या बाळंतपणापसून आलीच न्हाई." बाई थांबत थांबत बोलत होती, तोंडात जड काही असल्यासारखी. "टोळीतल्या बाया म्हणल्या, बरं झालं, पैसं न देता सुटलीस. आम्ही पैसं देऊन काढून घेतल्या."

"आणि पोरीला पाजलंत?"

"दूध कुठनं? थेंब न्हाई आला. जावंनं पाजलं."

अंकितानं विचारून पोट पाहिलं. कुठेही टाका नाही. रात्री दहाला हिच्या काखेत थर्मामीटर तिनंच ठेवला होता. काख लहान मुलीसारखी कोरी होती. तेव्हा पाहिलं होतं, आता दिसलं.

मधुमेहाच्या पेशंटसाठी ठेवलेलं ग्लुकोमीटर आणून साखर पाहिली. ५१.

सरांना उठवायला फोन तीनदा लावावा लागला.

"सर, बेड एकोणीस. साखर एक्कावन्न आहे. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज सुरू करतेय. आणि सर, तिची पिशवी काढलेली नाही."

"काय?"

तिनं सगळं ओळीनं सांगितलं. कार्ड, रक्त, दूध, पाळी, सोनोग्राफी, दोन चिठ्ठ्या. पलीकडे इतकी शांतता की फोन कटला असं तिला वाटलं.

"पोटॅशियम किती?"

"चार पूर्णांक एक."

पुन्हा शांतता. मग सर उठून बसल्याचा, खाट करकरल्याचा आवाज.

"शीहान," सर म्हणाले. आणि लगेच, "थायरॉईडची गोळी गेली का?"

"सहाला आहे."

"सिस्टरना सांग, द्यायची नाही. मी येऊन कापतो. कॉर्टिसॉलसाठी प्लेन बल्बमध्ये रक्त काढून ठेव. आधी रक्त, मग हायड्रोकॉर्टिसोन शंभर, शिरेतून. रिपोर्टसाठी थांबायचं नाही."

ते स्लिपरवरच आले. ट्रीटमेंट शीटवर थायरॉक्सिनवर लाल रेघ मारली, सही केली, वेळ घातली: ३.२५. मग तिथेच उभ्या-उभ्या सोनोग्राफी वाचली. पहिल्या दिवशीचा कॅज्युअल्टीतला केस पेपर त्यांच्याच अक्षरातला होता. तो हातात धरून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सहाला सिस्टर ट्रॉली घेऊन फिरल्या. एकोणीसची गोळी परत डब्यात गेली. सातला बाईनं गोधडी बाजूला केली आणि वॉर्डबॉय मामांकडे चहा मागितला. सहा दिवसांत तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं.

अंकिता फाईलला नवी दोरी ओवत होती. जुन्या लिखाणावर खाडाखोड करायची नसते. तिनं कोरा कंटिन्युएशन पेपर घेतला, तारीख-वेळ घातली आणि लिहिलं: गर्भाशय आहे. पाळी नऊ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणानंतर आलेली नाही. दूध आले नव्हते.

*

प्रतिसाद

कौलारू
एका दमात वाचली. गाठ मारलेली कॅरीबॅग अगदी ओळखीची. माझ्या आजोबांचे कागदही असेच साखरेच्या पिशवीत असायचे. एक विचारतो, मी डॉक्टर नाही. बाळंतपणात रक्त गेलं ते नऊ वर्षांपूर्वी. मग आजार आत्ता का?

मु_पो_परळी
छान आहे, पण मला निदान पटलं नाही. फार्मसीत शिकवतो, त्यामुळे थोडं वाचन आहे. अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी असेल तर सोडियम खाली आणि पोटॅशियम वर जातं. हिचं पोटॅशियम ४.१, म्हणजे नॉर्मल. कातडी काळवंडते, तोही उल्लेख नाही. मग सरांनी पोटॅशियम ऐकून "शीहान" कसं म्हटलं? उलट व्हायला हवं होतं.

निशाचर_फिजिशियन
परळीकर, तुम्ही सांगताय तो अ‍ॅडिसनचा आजार. त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःच बिघडते, म्हणून मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल दोन्ही जातात, आणि पोटॅशियम चढतं. इथे अ‍ॅड्रिनल ठीक आहे, तिला हुकूम देणारी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी गेली आहे. अल्डोस्टेरॉन पिट्युटरीच्या हुकमावर फारसं चालत नाही, ते मूत्रपिंडाकडून चालतं. त्यामुळे ते टिकतं आणि पोटॅशियम नॉर्मल राहतं. कातडीचंही तसंच. काळवंडणं पिट्युटरीच्या जास्तीच्या हुकमामुळे होतं. इथे हुकूमच नाही, त्यामुळे हे पेशंट उलट फिकट दिसतात. म्हणून ४.१ ऐकल्यावरच सर उठून बसले. वळचण यांनी ही जागा नेमकी पकडली आहे.

कौलारू, गरोदरपणात पिट्युटरी बरीच वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. अशा वेळी एकदम रक्त गेलं, दाब पडला, की ग्रंथीचा मोठा भाग मरतो. ग्लासगोत काम करणाऱ्या शीहान यांनी हे १९३७ साली मांडलं. दूध न येणं ही पहिली खूण, तीही पहिल्याच आठवड्यातली. पाळी न येणं दुसरी. पण थोडा भाग उरतो आणि त्यावर बाई वर्षानुवर्षं ओढत राहते. थकवा, थंडी, भूक नाही. मग एखादा जुलाब, ताप, शस्त्रक्रिया होते आणि उरलेलं पुरत नाही. निदानाला दहा-दहा वर्षं लागतात ती यामुळे.

मु_पो_परळी
समजलं. अल्डोस्टेरॉनचा भाग माझ्या डोक्यात एकत्रच होता. धन्यवाद.

सुरंगीची_वेणी
माझ्या मावशीला पंधरा वर्षं थायरॉईड आहे, रोज ७५ ची गोळी घेते. कथा वाचून घाबरले. तिला पण सतत थकवा असतो. ही गोळी इतकी धोक्याची असते का? तिला उद्यापासून थांबवायला सांगू का?

निशाचर_फिजिशियन
नाही, अजिबात थांबवू नका. मावशींचे सुरुवातीचे कागद असतील तर बघा, त्यात टीएसएच वाढलेलं असणार. म्हणजे बिघाड थायरॉईडमध्येच आहे आणि गोळी हाच उपाय आहे. कथेतल्या बाईचं टीएसएच वाढलेलं नाही, तिथे बिघाड वर आहे, आणि सोबत कॉर्टिसॉलही नाही. थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं आणि कॉर्टिसॉल लवकर संपवतं. जे आधीच नाही तेच संपवायचं, म्हणून पेशंट कोसळतो. या बाईलाही थायरॉक्सिन लागणारच आहे, फक्त आधी स्टेरॉइड, आणि काही दिवसांनी ते. थकव्याचं त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिनही बघून घ्या.

सुरंगीची_वेणी
हुश्श. सांगते तिला.

टीपीआर_चार्ट
मी छत्तीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बावीस मेडिसिन वॉर्डात. फाईलचं वर्णन वाचून हात शिवशिवले. पण एक सांगू का, रिपोर्ट एकावर एक चिकटवण्यात इंटर्नचा निष्काळजीपणा नसतो. रिपोर्टचा छापील कागद संपलेला असतो, एकाच पानावर आठ चिठ्ठ्या बसवायच्या असतात. आम्ही नंतर नियम केला होता, चिठ्ठीला गोंद फक्त वरच्या कडेला, म्हणजे पान उलटल्यासारखी उलटते. आणि एका दिवसाच्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी, एकावर एक नाही. टी-फोर आणि टीएसएच शेजारी दिसले असते तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी डोळ्यात भरले असते.

दुसरं, काखेचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पेशंटचं अंग सगळ्यात जास्त सिस्टरच पाहतात. आम्ही पाहतो, पण आम्हाला कोणी विचारत नाही, आणि आमच्या नोट्स राउंडला कोणी वाचत नाही. अंकितानं सिस्टरना विचारलं असतं तर कदाचित चारच दिवसांत कळलं असतं.

वळचण
सिस्टर, हे मला सुचलंच नव्हतं. मूळ रात्री ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "हिला थंडी फार वाजते हो." मी ते कथेत गोधडीवर ढकललं. आता वाटतं ते वाक्य त्यांच्या तोंडी राहायला हवं होतं.

आडवळण
कथा म्हणून बोलतो. सर फारच चटकन मानतात. तीस तास जागा असलेला रेसिडेंट इंटर्नच्या फोनवर स्लिपर घालून येतो हे मला गोड वाटलं. माझा भाऊ त्याच व्यवसायात आहे. त्यानं असा फोन केला असता तर "सकाळी राउंडला सांग" एवढंच ऐकलं असतं. आणि तोवर सहाची गोळी गेली असती. ते लिहिलं असतं तर कथा वेगळ्या उंचीवर गेली असती. सरांचं स्वतःचं अक्षर निघतं ती जागा मात्र उत्तम. तिथे काहीच न बोलणं योग्य.

वळचण
आडवळण, साखर ५१ नसती तर कदाचित तसंच झालं असतं. फोनवर पहिलं वाक्य साखरेचं आहे ते म्हणूनच. नुसतं "सोनोग्राफीत पिशवी दिसतेय" म्हटलं असतं तर कोणीच उठलं नसतं. पण तुमचा मुद्दा डोक्यात राहील. गोळी जाते अशी एक आवृत्ती मी लिहून पाहिली होती, मला ती पुढे रेटवली नाही.

निशाचर_फिजिशियन
वैद्यकीय बाजूनं एक मोठी गोष्ट राहिली आहे आणि ती मी लिहिणारच, कारण इथे रेसिडेंटही वाचत असतील. कथा चहावर संपते. माझ्या मते खरा धोका चहानंतर सुरू होतो.

कॉर्टिसॉल नसताना शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणून सोडियम पातळ होतं. हायड्रोकॉर्टिसोन गेलं की ते कुलूप उघडतं. चार-सहा तासांत लघवी सुरू होते, तासाला दोनशे-तीनशे मिली, पाण्यासारखी. सगळे खूश होतात. आणि सोडियम झपाट्यानं चढतं. ११४ वर आलेली बाई चोवीस तासांत १३० वर गेली तर मेंदूतल्या मज्जातंतूंची आवरणं जातात. दोन-चार दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय जातात. या बाईसारख्या, अनेक दिवस न जेवलेल्या पेशंटमध्ये मी चोवीस तासांत आठच्या वर जाऊ देत नाही.

आमच्याकडे एक बाई अशीच होती. पहिला डोस रात्री दहाला. पहाटे चारला युरीनबॅग दुसऱ्यांदा भरलेली एका मामांनी दाखवली. सोडियम ११६ वरून सहा तासांत १२३. सात चढलं होतं, अजून अठरा तास बाकी होते. तीन टक्के सलाईन लगेच थांबवलं, लघवी रोखणारं डेस्मोप्रेसिन दिलं, पाच टक्के डेक्स्ट्रोज लावलं, आणि दर चार तासांनी आयसीयूच्या एबीजी मशीनवर सोडियम पाहिलं, कारण लॅब रात्री देत नाही. दुसऱ्या रात्री दहाला १२४ होतं. चालत घरी गेली. युरीनबॅग बघितली नसती तर आम्हाला सकाळच्या रिपोर्टपर्यंत काही कळलं नसतं.

वळचण
हे कथेत यायला हवं होतं, मान्य. निदान सातच्या प्रसंगात युरीनबॅग तरी. आमच्या पेशंटला सोडियम आधीच थोडं वर आलं होतं आणि लघवी मोजलेली होती, पण ती आमची हुशारी नव्हती, चार्ट तसा चालू होता एवढंच. कॉर्टिसॉलचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला, १.६. एमआरआयला पुढे दुसऱ्या गावी जावं लागलं. पिट्युटरीची जागा जवळजवळ रिकामी होती.

आडवळण
यातलं काहीही कथेत घालू नका! तो लेख होईल. धाग्यात आहे ते पुरे.

टीपीआर_चार्ट
युरीनबॅग मामांनी दाखवली, हे वाचून बरं वाटलं.

बांधावरची
मी बीड जिल्ह्यात आशा आहे. उशिरा वाचली, दोनदा वाचली.

"टोळीतल्या बाया म्हणल्या, बरं झालं" हे आमच्याकडे खरंच म्हणतात. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बाया पिशवी काढून टाकतात. २०१९ साली सरकारी पाहणी झाली, ८२ हजार ऊसतोड बायांमध्ये १३ हजारांच्या वर बायांची पिशवी काढलेली निघाली. सगळ्यांनी बातम्या केल्या. पण त्यानंतर मी काय बघते, की आमच्या बाईला दवाखान्यात कोणी नीट विचारतच नाही. बीडची, ऊसतोड, पाळी येत नाही, म्हणजे काढलेली. लिहून मोकळे. तुमच्या सरांनी पण तेच केलं असणार.

आणि शब्दांचा घोळ आहे. आमच्याकडे "पिशवीचं ऑपरेशन" म्हणजे चार गोष्टी. काढली, साफ केली, टाके घातले, आणि काही बाया तर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला पण पिशवीचंच म्हणतात. डॉक्टर एकच अर्थ धरतात.

वळचण
ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. मूळ केस पेपरवर बाईचं वाक्य कोणी लिहिलेलंच नव्हतं. तिनं "पिशवीचं झालंय" म्हटलं, आणि लिहिणाऱ्यानं ते पुरं केलं.

कौलारू
आशाताई, पण आकडा इतका मोठा असेल तर डॉक्टरनं तसं धरणं अगदीच चूक म्हणता येईल का? कॅज्युअल्टीत रात्री शंभर पेशंट असतात.

बांधावरची
तेरा हजार काढलेल्या निघाल्या, म्हणजे एकोणसत्तर हजारांच्या जागेवर होत्या. त्या मोजा की.

मला दुसरंच विचारायचंय, निशाचर सरांना. ही बाई बरी झाली, पण गोळी जन्मभर का? कारण दसऱ्यानंतर आमच्या गाड्या निघतात. कोणी कर्नाटकात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. पाच-सहा महिने कोपीवर. तिथे ही गोळी कोण देणार?

निशाचर_फिजिशियन
जन्मभर. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, सकाळी, काही खाऊन. गोळी स्वस्त आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळते. अडचण वेगळी आहे. ताप आला, जुलाब झाले, तर त्या दिवसांत दुप्पट घ्यायची. उलटीनं गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना. आणि एकदम कधीच बंद करायची नाही. कोपीवर उन्हात ऊस तोडणाऱ्या बाईला हे कसं जमतं, हे मला खरंच माहीत नाही. माझ्या दोन पेशंट हंगामानंतर परत आल्याच नाहीत. गेल्या की दुसरीकडे दाखवतात, कळलं नाही.

वळचण
आम्ही तिला आमच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांच्याच गोळ्या देऊ शकलो. पुढचं कार्डावर मराठीत लिहून दिलं, मोठ्या अक्षरात: ही गोळी बंद करू नये, उलटी झाल्यास इंजेक्शन द्यावे. तिनं ते घडी घालून त्याच कॅरीबॅगमध्ये टाकलं आणि गाठ मारली.

टीपीआर_चार्ट
कार्ड लॅमिनेट करून द्यायचं.

बांधावरची
पंधरा दिवसांच्या गोळ्यांत हंगाम निघत नाही. सहा महिन्यांच्या एकदम द्यायला कोण तयार होईल, ते मी तालुक्याला विचारणार आहे. काय उत्तर येतं ते लिहीन.

तोवर एक केलं. स्थलांतराच्या आधी मी घरोघरी नोंदी करते, तिथे पाळीपुढे फक्त "होय / नाही" असतं. काल वहीत हातानं रेघा मारल्या. नाही असेल तर तीन रकाने: काढली, साफ केली, आपोआप बंद. आणि शेवटच्या बाळंतपणाचं वर्ष.

निशाचर_फिजिशियन
अजून एक रकाना जागा असेल तर टाका. दूध आलं होतं का.

बांधावरची
टाकला. पहिल्याच वाडीत "नाही आलं" म्हणणारी एक निघाली. पोरगं सात वर्षांचं आहे. सोमवारी घेऊन जाते तिला.